खालची दाढ भरायची आहे: चांदी, कॉम्पोझिट की सिमेंट? तीन दवाखाने, तीन सल्ले

नदीकाठचा
मंडळी, दाढेचं लचांड घेऊन आलोय. वय ४१. खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ, जी लहानपणी सहाव्या वर्षी येते ती. कॉलेजात असताना तिच्यात चांदी भरून घेतली होती. मध्यंतरी चिवडा खाताना चांदीचा मागचा कोपरा उडाला. दुखत नाही, गार पाणी लागलं की क्षणभर झिणझिण होते आणि थांबते. पण ही दाढ आणि तिच्या मागची दाढ यांच्या फटीत रोज काही ना काही अडकतं. मेथीची काडी, पेरूची बी, काहीही.

तीन ठिकाणी दाखवलं. एक्स-रे तिघांनीही पाहिला. नस वाचलेली आहे, रूट कॅनॉल नको, जुन्या चांदीखाली मागच्या भिंतीला कीड आहे आणि ती हिरडीच्या काठापर्यंत उतरली आहे, एवढ्यावर तिघांचं एकमत. पुढे मात्र तीन तोंडं तीन दिशांना.

पहिल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या कॉम्पोझिट म्हणजे दाताच्या रंगाचा भराव, २२०० रुपये. दुसरे म्हणाले जीआयसी म्हणजे सिमेंट, ८०० रुपये, "यातून फ्लोराइड सुटतं, परत किडणार नाही". तिसरे आमच्या गल्लीतले वयस्कर डॉक्टर. ते म्हणाले, "परत चांदीच भर, ९०० घेईन, पंधरा वर्षं माझ्याकडे यायला नको."

पैशांचा फरक झेपेल. पण चौदाशे रुपये नुसते रंगासाठी मोजायचे असतील तर मला नकोत, मागची दाढ कोण बघतंय? टिकणार काय ते सांगा.

श्रीरंगपंत
चांदी अजिबात नको. तिला चांदी म्हणतात एवढंच, तिच्यात निम्मा पारा असतो. पारा म्हणजे विष. युरोपने १ जानेवारी २०२५ पासून बंदी घातली ती उगाच नाही. मी तर म्हणतो तोंडात असतील तेवढ्या सगळ्या चांद्या उकरून काढा आणि पांढरं भरून घ्या. आमच्या भाच्याने काढल्या, त्याची डोकेदुखी गेली.

गुळपोळी
सिमेंटला नावं ठेवू नका. माझ्या वरच्या छोट्या दाढेला हिरडीपाशी खाच पडली होती, जोरजोरात ब्रश घासल्यामुळे. त्यात सिमेंट भरलं ते बरीच वर्षं झाली तरी जागचं हललेलं नाही. भूल नाही, ड्रिल नाही, दहा मिनिटांत काम झालं. स्वस्तात उत्तम मिळत असेल तर २२०० कशाला?

खलबत्ता
मी दंतवैद्य आहे, सांगलीकडे प्रॅक्टिस करतो. तुमचा एक्स-रे पाहिलेला नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण तीन सल्ले का मिळाले ते सांगू शकतो.

आधी गुळपोळी यांचं. तुमचं सिमेंट टिकलं यात नवल नाही, ते नेमकं योग्य जागी बसलंय. हिरडीपाशी दाताला एनॅमल पातळ असतं, जागा कायम ओलसर असते आणि चावण्याचा थेट जोर तिथे येत नाही. जीआयसी दाताला रासायनिक रीतीने आपोआप चिकटतं, थोडा ओलावा सोसतं. अशा खाचांमध्ये ते कॉम्पोझिटपेक्षाही चांगलं धरून राहतं. नदीकाठचा यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचा खड्डा वरच्या चावायच्या भागातून सुरू होऊन दोन दाढांच्या मधल्या भिंतीत उतरलाय. ती भिंत आता नाही, ती भरावातून नव्याने उभी करायची आहे. समोरची दाढ बरोबर तिच्या काठावर आपटणार. सिमेंट नुसतं वरून दाबलं तर बराच भार घेतं, पण वाकवणारा किंवा ताणणारा जोर आला की तडकतं. आधार नसलेला काठ असला की कोपरा तुटतो, नाहीतर दोन-तीन वर्षांत पृष्ठभाग झिजून खोलगट होतो, आणि पेरूची बी परत तिथेच. मोठ्या माणसाच्या मोठ्या दाढेत दोन बाजूंचा खड्डा नुसत्या सिमेंटने कायमचा भरायला मी तयार होणार नाही. तात्पुरता भरेन.

फ्लोराइडचं म्हणणं खोटं नाही, फुगवलेलं आहे. पहिले काही दिवस ते भरपूर सुटतं, मग झपाट्याने कमी होतं. पेस्टमधलं फ्लोराइड सिमेंट थोडं शोषून घेतं आणि परत सोडतं हेही खरं. पण "परत किडणार नाही" अशी हमी त्यावरून कुणी देऊ नये.

राहता राहिलं चांदी आणि कॉम्पोझिट. त्याबद्दल रात्री लिहितो, पेशंट बसलेत.

मोरपंखी
याच धाग्यात विचारते, नवीन काढत नाही. माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या दाढेत कीड आहे. डॉक्टर सिमेंट भरू म्हणतात. वरचं वाचून धास्ती बसली. कॉम्पोझिटच करा म्हणून सांगू का?

ठोंब्या
मला कुणी हे सांगा की कॉम्पोझिट पिवळं पडतं का? पुढच्या दाताचा कोपरा पडलाय, तिथे करायचंय. आमच्या घरी रोज हळदीचं वरण आणि दिवसातून चार चहा.

हॅम्बुर्गकर
श्रीरंगपंत, बंदी आहे हे बरोबर, पण "तोंडातल्या चांद्या काढा" असं इथे कुणी सांगत नाही. माझ्या तोंडात पुण्यात भरलेल्या दोन आहेत. इथल्या दंतवैद्याने काठ तपासले, चांगल्या आहेत, राहू द्या म्हणाली. नवीन भरायची नाही एवढंच. अपवाद म्हणून डॉक्टरला फारच गरज वाटली तर भरता येते.

आणखी एक गंमत. जर्मनीत सरकारी विमा मागच्या दाढांना पूर्वी अ‍ॅमल्गमचा, म्हणजे या चांदीचाच पूर्ण खर्च द्यायचा. पांढरं हवं असेल तर वरचा फरक आपल्या खिशातून. बंदी आल्यावर विम्याला पर्याय ठरवावा लागला. आता मागच्या दाढांसाठी आपोआप चिकटणारं साहित्य वरचे पैसे न देता मिळतं. म्हणजे सिमेंटच्या कुळातली नवी सुधारलेली मंडळीही त्यात आली. थरांचं छान कॉम्पोझिट हवं तर खिशातून भरावंच लागतं. तेव्हा नदीकाठचा, तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांना अगदीच मोडीत काढू नका.

खलबत्ता
बसलो आता.

पाऱ्याबद्दल दोन शब्द. पंतांचा निम्मा पारा बरोबर आहे. वजनाने साधारण अर्धा पारा, उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. पण मिसळल्यावर तो मोकळा राहत नाही, धातूंशी जोडला जातो. चावताना अगदी किंचित वाफ सुटते. सर्वांत जास्त सुटते ती भरताना आणि उकरताना. म्हणून धड असलेली चांदी भीतीपोटी काढली तर नको असलेली वाफ आपणच ओढवून घेतो, वर चांगला दातही कापला जातो. काढावीच लागली तर पाण्याचा फवारा, जोरदार सक्शन आणि ड्रिलने भुगा न करता तुकडे पाडून काढणं, ही रीत. गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पंधरा वर्षांखालची मुलं यांना नवी चांदी भरू नये असं पाऱ्यावरच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारातच आलंय. जगभर ती मागे घेतली जातेय याचं मोठं कारण पर्यावरण आहे. पारा गटारात जातो, स्मशानातून हवेत जातो. मिनामाता करारात भारतही आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाला २०३४ पर्यंत दातांतलं अ‍ॅमल्गम थांबवायचं ठरलं. भाच्याची डोकेदुखी गेली याचा आनंद आहे, पण कारण तेच होतं असं मी म्हणणार नाही.

कॉलेजात आम्ही खलात पारा आणि भुकटी घोटायचो, मग कापडात पिळून जास्तीचा पारा काढायचो. टेबलावर थेंब पळायचे. आता बंद कॅप्सूल यंत्रात काही सेकंद हलवतात. त्या काळच्या आणि आताच्या कामाची तुलना करताना हेही ध्यानात घ्या.

आता टिकाऊपणा. चांदीचा मोठा गुण म्हणजे ती क्षमाशील आहे. थोडी लाळ लागली, हात जरा चुकला, तरी काम निभतं. तिच्या काठाशी गंजाचा बारीक थर साचतो आणि तो फट बुजवतो. काळी दिसते ती, पण बुजवते. म्हणून तुमच्या गल्लीतले डॉक्टर पंधरा वर्षं म्हणाले ते बढाई मारत नाहीत.

तिचा दोष असा की ती दाताला चिकटत नाही. ती नुसती अडकून बसते. त्यासाठी खड्डा तळाशी जरा रुंद आणि वर निमुळता कोरावा लागतो, जाडी दीड-दोन मिलिमीटर तरी लागते, म्हणजे चांगला दातही जातो. आणि उरलेल्या भिंतींना ती बांधून धरत नाही. पंधरा-वीस वर्षं चावून चावून त्या भिंतींना तळाशी बारीक तडे जातात. तुमचा जो कोपरा उडाला तो चांदीचाच होता की दाताचाही, हे आधी बघून घ्या.

कॉम्पोझिट चिकटतं, भिंतींना बांधतं, खड्डा कमी कोरून चालतो. दोष दोन. एक, प्रकाशाने कडक होताना ते दोन-तीन टक्के आक्रसतं. मोठा गोळा एकदम भरून दिवा मारला तर ते काठापासून ओढलं जातं. म्हणून दोन मिलिमीटरचा थर, त्यावर निळा दिवा, परत थर. एकदम चार मिलिमीटर भरता येणारं साहित्यही मिळतं. दोन, ओलावा. आम्ल लावून धुतलेल्या, बाँड म्हणजे चिकटवायचा द्रव लावलेल्या पृष्ठभागावर लाळेचा किंवा रक्ताचा ओघळ आला तर चिकटणं संपलं, परत पहिल्यापासून. आणि तुमचा खालचा काठ हिरडीपाशी आहे. तिथे एनॅमल नावापुरतं असतं, त्याखालच्या डेंटिनला पकड कमी, आणि कोरडं ठेवणं कठीण. कॉम्पोझिट परत किडतं ते याच जागी.

म्हणून मी डॉक्टरीणबाईंना एकच विचारेन: रबर डॅम लावणार का? म्हणजे दाढेभोवती रबराची चादर ताणून फक्त दाढ बाहेर काढायची. हो म्हणाल्या तर कॉम्पोझिट. "कापूस ठेवू, होतं तसंच" म्हणाल्या तर या दाढेसाठी मी चांदीवाल्या डॉक्टरांकडे जाईन.

२२०० आणि ९०० मधला फरक नुसत्या रंगाचा नाही. चांदीला वीस मिनिटं लागतात, कॉम्पोझिटला नीट केलं तर पाऊण तास ते तास. वीस मिनिटांत कॉम्पोझिट झालं तर शंका घ्या.

मोरपंखीताई, दुधाची दाढ वेगळा हिशेब. ती साधारण दहा-अकराव्या वर्षी पडते, म्हणजे भरावाला तीन-चार वर्षंच काढायची आहेत. वरच्या वर छोटा खड्डा असेल तर सिमेंट उत्तम. मूल तोंड उघडं ठेवून तासभर बसत नाही, हेही बघायचं असतं. खड्डा दोन दाढांच्या मधल्या भिंतीत असेल तर सिमेंट तिथे लवकर हरतं, मग स्टीलची छोटी टोपी घालतात, ती विचारून बघा. सिमेंट भरल्यावर वरून वार्निश किंवा व्हॅसलीन लावलं ना, हे जरूर पाहा. पहिल्या दिवसात त्यावर पाणी बसलं तर ते खडूसारखं भुसभुशीत होतं आणि फार सुकलं तर तडकतं.

ठोंब्या
माझ्या हळदीचं काय झालं?

खलबत्ता
हळद कॉम्पोझिटला लागते, चहापेक्षाही जास्त. पॉलिश नीट झालं असेल तर डाग वरवरचा राहतो आणि परत पॉलिश करून निघतो. पिवळा पट्टा नुसता काठावर दिसू लागला तर मात्र तिथे फट पडतेय का ते तपासायला हवं. आणि रंग जुळवताना लक्ष ठेवा: दात ओला असतानाच, डॅम लावण्याआधी रंग निवडायचा. दात कोरडा झाला की पांढरा दिसतो. त्याला जुळवून भरलं तर दुसऱ्या दिवशी दात ओला होऊन मूळ रंगावर येतो आणि भराव खडूसारखा उठून दिसतो. पुढच्या दाताला सिमेंट नको, त्याला कॉम्पोझिटची चमक येत नाही.

उंबरठा
डॉक्टर, आदर ठेवून एक टोचणी. लिस्बनमध्ये कासा पिया नावाच्या संस्थेतल्या मुलांवर चाचणी झाली होती. चिठ्ठी टाकल्यासारखं कुणाला चांदी, कुणाला कॉम्पोझिट. सात वर्षांनी चांदीचे ९४.४ टक्के भराव शाबूत, कॉम्पोझिटचे ८५.५. कॉम्पोझिटखाली परत कीड लागण्याचं प्रमाण साडेतीन पट. वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यातही कॉम्पोझिट निकामी होण्याचं प्रमाण चांदीच्या जवळपास दुप्पट आलं. आकडे इतके स्वच्छ असताना तुम्ही कॉम्पोझिटला झुकतं माप का देता? धागाकर्त्याला रंगाशी देणंघेणं नाही असं तो स्वतः म्हणतोय.

खलबत्ता
आकडे बरोबर आहेत. आणि त्यात तुमच्या बाजूचं आणखी एक आहे: खड्डा मोठा होत गेला तसा दोन्हींतला फरक वाढत गेला. नदीकाठचा यांचा खड्डा मोठाच आहे.

पण ती मुलं आठ ते बारा वर्षांची होती, आणि फरक पडला तो बहुतेक सगळा परत किडण्यामुळे. तुटण्यात दोघांत फरक दिसला नाही. म्हणजे प्रश्न असा होतो की या माणसाचं तोंड किडणारं आहे का? नेदरलँड्समध्ये २०१० साली मोठ्या माणसांच्या भरावांचा बारा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. ज्यांना कीड कमी लागते त्यांच्यात कॉम्पोझिट जास्त टिकलं. ज्यांना वारंवार लागते त्यांच्या तीन बाजूंच्या मोठ्या भरावांत चांदी जास्त टिकली. मात्र तिथे चिठ्ठी टाकलेली नव्हती, डॉक्टरने निवडलेलं होतं, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो.

नदीकाठचा, गेल्या पाच वर्षांत नवी कीड किती दाढांना लागली?

नदीकाठचा
एकाही नाही. ही जुनीच. तंबाखू नाही, सुपारी नाही. चहात साखर आहे. दिवसातून दोनदा.

उंबरठा
मग ठीक. तरी हिरडीच्या काठाचा मुद्दा राहतोच. डच लोकांच्या दाढांचे काठ कुठे होते कुणास ठाऊक.

श्रीरंगपंत
चाचण्या, टक्केवारी सगळं ठीक आहे. मी पारा तोंडात ठेवणार नाही.

खलबत्ता
पंत, तुमचं तोंड, तुमचा अधिकार. धड चांदी उकरू नका एवढंच.

उंबरठा, काठासाठी एक मधला मार्ग आहे. तळाच्या भागात सिमेंट आणि वरून कॉम्पोझिट, आमच्यात त्याला सँडविच म्हणतात. ओलसर काठाला सिमेंट चिकटतं, जोर कॉम्पोझिट घेतं. ऐकायला झकास. पण साधं सिमेंट त्या काठावर तोंडात उघडं राहिलं तर काही वर्षांत विरघळत झिजतं, म्हणून तिथे दिव्याने कडक होणारं, रेझिन मिसळलेलं सिमेंट वापरतात. माझ्या वर्गमित्रांमध्ये निम्मे हे करतात आणि निम्मे नाक मुरडतात. मी काठ कोरडा होत नसेल तरच करतो.

नदीकाठचा
काम झालं. सविस्तर लिहितो.

डॉक्टरीणबाईंना रबर डॅमचं विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "त्याशिवाय मी दाढेत कॉम्पोझिट भरतच नाही." तिथेच ठरलं.

आधी रंगाची पट्टी दाताला लावून रंग निवडला (ठोंब्या, ओल्या दाताला). मग भूल, मग निळी रबराची चादर. जुनी चांदी तुकड्या-तुकड्यांनी निघाली. खाली तपकिरी, चामड्यासारखी मऊ कीड, ती हळू फिरणाऱ्या ड्रिलने आणि शेवटी हाताच्या चमच्याने खरवडली. नंतर त्यांनी मला आरसा दिला. जिभेच्या बाजूच्या मागच्या टेकाडाच्या बुडाशी केसासारखी काळी रेघ होती. तडा. खलबत्ता म्हणाले होते तेच निघालं. टेकाडाची जाडी दीड मिलिमीटरच उरलीय, ते तसंच ठेवलं तर एक दिवस निखळेल, म्हणून त्यांनी ते वरून दोन मिलिमीटर उतरवून कॉम्पोझिटनेच झाकलं. त्याचे ६०० वाढले, एकूण २८००.

हिरडीतून थोडं रक्त आलं होतं. ते औषधाचा धागा दाबून थांबवलं, आणि पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी पुढे हात लावला नाही. मग दोन दाढांमध्ये वाकडी स्टीलची पट्टी, लाकडी पाचर, वर स्प्रिंगची कडी. आम्ल, धुणं, बाँड, दिवा. मग आधी मधली भिंत उभी केली आणि नंतर आतला खड्डा थराथराने. सगळं मिळून सव्वा तास. सँडविच केलं नाही, काठ कोरडा मिळाला म्हणाल्या.

निळा कागद चावायला देऊन उंची बघितली होती, पण भूल उतरल्यावर चावलं की टोचू लागलं. परत गेलो, दोन ठिकाणी किंचित घासलं, पाच मिनिटांत टोचणं गेलं. गारेची झिणझिण थोडी आहे, कमी होतेय. फ्लॉस दोन दाढांमधून टक् करून जातो आणि कुठे अडकत नाही. पेरू खाऊन बघितला. काही नाही अडकलं.

तडा मात्र डोक्यात बसलाय. बाई म्हणाल्या, कॅपची आता घाई नको, बघू. बघू म्हणजे काय बघू?

गुळपोळी
२८०० म्हणजे माझ्या सिमेंटची चार कामं झाली असती. पण सव्वा तास बसलात, तुमच्या सहनशक्तीला नमस्कार.

उंबरठा
वर्षभराने एक्स-रे काढून खालचा काठ बघा. टिकलं तर इथे लिहा, नाही टिकलं तरी लिहा.

खलबत्ता
टेकाड झाकलं हे फार बरं केलं. चांदीने हे करायचं तर आणखी कोरावं लागलं असतं.

"बघू" म्हणजे हे बघायचं. त्या बाजूने भाकरीचा कडक पापुद्रा किंवा शेंगदाणा चावा. दाबताना नव्हे, दात सोडताना लख्खकन कळ आली तर तडा हलतोय, मग कॅप किंवा ऑनले, म्हणजे अर्धी टोपी, लांबवू नका. गारेची झिणझिण चार-सहा आठवड्यांत जायला हवी. उलट गरम चहाने ठणका लागला, तो मिनिटभर राहिला किंवा रात्री आपोआप दुखू लागलं, तर नस गेली असं समजून लगेच जा. यातलं काहीच झालं नाही तर वर्षाने दात चावून धरून काढतात तो एक्स-रे, त्यात दोन दाढांमधले काठ स्वच्छ दिसतात. भरावाच्या खाली काळी सावली आहे का तेवढं बघायचं. नुसती बारीक काळी रेघ असेल तर ती कधी कधी बाँडचाच जाड थर असतो, तेवढ्यावरून कुणाला भराव काढू देऊ नका. पुढच्या वर्षीच्या चित्राशी ताडून बघायला सांगा.

मोरपंखी
मुलीचं दाखवून आले. खड्डा मधल्या भिंतीत आहे म्हणे. स्टीलची टोपी विचारली तर डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे घालतो, पण आई-बाबांना चकचकीत दात आवडत नाही म्हणून आम्ही आधी सांगत नाही." आता मुलीला विचारते. तिला बहुतेक आवडेल.